चार सीटा, बहात्तर किलोमीटर आणि एक वही

आजच्या भागात मी एकटाच बोलणार आहे. पाहुणा कोणी नाही. विषय ऐकायला फार किरकोळ वाटेल, पण गेले आठ-नऊ महिने माझ्या रोजच्या आयुष्यात एवढा ताप दुसऱ्या कशाने दिला नाही आणि एवढा आरामही दुसऱ्या कशाने दिला नाही. ऑफिसातल्या चौघांनी मिळून एका गाडीने जायचं. बस्स, एवढंच.

मी राहतो सोलापुरात, आसरा भागात. नोकरी धाराशिवला. कंडक्टर अजूनही "उस्मानाबाद, उस्मानाबाद" असंच ओरडतात, पण 2023 पासून कागदावर शहरही धाराशिव आणि जिल्हाही धाराशिव. मुख्यालयी का राहत नाही, हा प्रश्न साहेब विचारतातच, तुम्ही विचारू नका. मुलांच्या शाळा, आईचा दवाखाना, घराचा हप्ता, ज्याचं त्याचं कारण असतं.

आता सोलापूरहून धाराशिवला यायला रेल्वे आहे का? सरळ नाही. धाराशिवचं स्टेशन लातूर-मिरज लाईनवर आहे, म्हणजे सोलापूरहून यायचं तर कुर्डुवाडीला वळसा. तुळजापूरवरून सरळ लाईनचं काम चालू आहे, ती होईल तेव्हा होईल. म्हणून रस्ताच. एसटी भरपूर आहेत, नाही असं नाही. पण पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून, म्हणजे 29 फेब्रुवारी 2020 पासून, हजेरी पावणेदहाला आणि सुट्टी सव्वासहाला. सकाळची गाडी सोलापूरच्या स्टँडवर वेळेत लागली आणि वाटेत कुठे रखडली नाही तरच पावणेदहा गाठता येतात. आठवड्यातून एकदा तरी अंगठा उशिरा पडायचाच.

मग गेल्या वर्षी नवरात्रानंतर ठरलं. मी, लेखा शाखेतले अण्णा, आमच्याकडे नवीन लागलेला एक तरुण, त्याला सगळे धाकटाच म्हणतात, आणि तुळजापूरला राहणाऱ्या मॅडम. नावं घेत नाही, चौघंही हे ऐकणार आहेत. गाडी माझी, पेट्रोलची. हिशेबाचं ठरवायला आम्हाला किती वेळ लागला असेल? चहा संपायच्या आत झालं. अण्णा म्हणाले, "चार माणसं, चार हिस्से, त्यात काय एवढं?"

त्यात खूप काही होतं.

आधी खर्च सांगतो. माझ्या मीटरवर घरापासून ऑफिसपर्यंत 72 किलोमीटर भरतात. अॅव्हरेज मी कंपनीच्या पुस्तकातलं धरलं नाही. टाकी फुल्ल केली, एक आठवडा चालवली, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल केली, आणि किलोमीटरला लिटरने भागलं. लिटरला 18 आलं. तुळजापूरचा घाट चढावा लागतो, एसी चालू असतो, चार माणसं असतात, त्यामुळे पुस्तकातला आकडा कधीच येत नाही. म्हणजे एका वेळेला चार लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर 420. वर टोल. तामलवाडीचा टोलनाका सोलापूर आणि तुळजापूरच्या मध्ये आहे. ऑगस्ट 2025 पासून खाजगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे, निघाला तेव्हा तीन हजारात दोनशे वेळा नाका ओलांडता यायचा. त्या हिशेबाने एका वेळेचे 15 रुपये पडायचे. नावाला वार्षिक आहे, पण आपल्यासारख्याने रोज दोनदा ओलांडलं तर दोनशे फेऱ्या साडेचार महिन्यांत संपतात. हे ध्यानात ठेवा, नाहीतर एका सकाळी पूर्ण टोल कापला जातो आणि मग गाडीत कोणी कुणाला काय सांगितलं नव्हतं यावर चर्चा होते.

तर एका बाजूचे 435. चौघांत भागले तर माणशी 109. मी, अण्णा, धाकटा खूश. मॅडम पहिला महिना काही बोलल्या नाहीत. पैसे दिले. दुसऱ्या महिन्याच्या पंधरा तारखेला म्हणाल्या, "सर, उद्यापासून मी एसटीने येते, माझी वाट नका बघू."

मला वाटलं काही बोलण्यात आलं असेल. धाकटा गाणी लावतो मोठ्याने, त्याचा त्रास होत असेल. मी विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या तुळजापूरला बसतात. तिथून धाराशिव 22 किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यांना एसटीने वीस रुपयांच्या आसपास लागतात. आणि आम्ही त्यांच्याकडून एकशे नऊ घेत होतो. पाचपट! वर टोलचा हिस्साही घेत होतो, जो टोल त्यांनी जन्मात ओलांडला नाही.

खरं सांगतो, मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण लबाडी केली असं नव्हतं, पण झाली होती. आणि बाईमाणूस, त्यात आमच्या तिघांपेक्षा ज्युनिअर, ती तोंडावर कशी म्हणणार की तुमचा हिशेब चुकला.

मग वही काढली. इथून पुढे जे सांगतो ते ज्यांच्या गाडीत कोणी अर्ध्या वाटेत बसतं त्यांनी नीट ऐका. रस्त्याचे तुकडे करायचे. जिथे जिथे माणूस चढतो किंवा उतरतो तिथे तुकडा पाडायचा, आणि त्या तुकड्याचा खर्च त्या तुकड्यात बसलेल्या माणसांनीच वाटून घ्यायचा. आमचे दोन तुकडे. आसरा ते तुळजापूर 50 किलोमीटर, त्यात आम्ही तिघं. शहरातल्या शहरात अण्णा आणि धाकटा पुढे चढतात, पण त्या तीन-चार किलोमीटरसाठी वेगळा तुकडा पाडायचा नाही, एवढं काटेकोर झालं की मैत्री उरत नाही. दुसरा तुकडा तुळजापूर ते धाराशिव, 22 किलोमीटर, चौघं. टोल पहिल्या तुकड्यात.

असा हिशेब केला तर मॅडमचे निघाले 32 रुपये, आणि आमचे प्रत्येकी 134. म्हणजे आमचे पंचवीस वाढले. अण्णांचा चेहरा पडला. म्हणाले, "सीट तर तिची सोलापूरपासून रिकामीच येते की, दुसऱ्याला देता आली असती." मुद्दा अगदीच खोटा नाही. पण मी म्हटलं, देता आली असती, दिली आहे का? जेव्हा सोलापूरपासून चौथा माणूस मिळेल तेव्हा बोलू. तो काही मिळाला नाही. मी मॅडमना जास्तीचे पैसे परत पाठवले, आठवडाभराने त्या परत आल्या. एसटीपेक्षा अजूनही जास्तच पडतात त्यांना. पण सोलापूरहून भरून आलेल्या बसमध्ये तुळजापूरला उभं राहायला जागा मिळेल की नाही, याची रोजची धाकधूक गेली, असं त्या म्हणाल्या.

आणि हो, एसटीशी तुलना निघालीच आहे तर आम्हा तिघांचंही सांगून टाकतो. साध्या बसला सोलापूर-धाराशिव एकशेवीसच्या आसपास बसतात. गाडी त्यापेक्षा महागच पडते. मला बरेच जण विचारतात, "शेअरिंगमध्ये किती वाचतात?" एसटीच्या तुलनेत काहीच नाही. एकट्याने गाडी नेण्याच्या तुलनेत वाचतात. आम्ही पैसे वाचवायला नाही, पावणेदहा गाठायला आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत-बाहेर घरी पोचायला हे करतो.

आता वेळा. वेळ नेहमी शेवटाकडून उलटी मोजायची. अंगठा 9:45 ला. ऑफिसच्या दारात 9:35 ला, कारण मशीनपुढे रांग असते. तुळजापूर 9:05. तुळजापूर नाका, सोलापूरचा, 8:22. सात रस्ता 8:10. आसरा आठ वाजता. या वेळा पहिल्या दिवशी ठरल्या त्या आजतागायत त्याच आहेत. बदलली ती थांबायची पद्धत.

सुरुवातीला "पाच मिनिटं थांबू" असं होतं. अण्णा सात रस्त्याला चार मिनिटं उशिरा, धाकटा नाक्यावर चार मिनिटं उशिरा. दोघंही नियमात! पण मॅडम बायपासला आठ मिनिटं उभ्या. पुढे बसणाऱ्याला मागच्या सगळ्यांचा उशीर भोगावा लागतो, हे गाडीत आधी बसलेल्याला कळतच नाही, त्याला वाटतं आपण चारच मिनिटं उशीर केला. म्हणून आता तीन मिनिटं, ती पण अख्ख्या फेरीला मिळून. अण्णांनी तीन खाल्ली तर धाकट्याला शून्य. गाडी निघते. दोनदा धाकट्याला सोडून गेलो. तो एसटीने आला, दिवसभर बोलला नाही. तिसऱ्यांदा वेळ आली नाही.

थांबायची जागाही नुसतं "नाका" म्हणून चालत नाही. आमचा धाकटा पहिले चार दिवस रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा, कारण तिथे चहाची टपरी. तो रस्ता ओलांडून येईपर्यंत दोन मिनिटं आणि एक शिवी. जाणाऱ्या बाजूला, डावीकडे, गाडी बाजूला घेता येईल अशी जागा पाहिजे. सिग्नलच्या अगदी तोंडावर नको, एसटीच्या थांब्यावर तर नकोच.

तुळजापूरची गोष्ट वेगळी. मॅडमचं घर जुन्या गावात. आत गाडी घातली तर साध्या दिवशी दहा मिनिटं जास्त, आणि मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला विचारूच नका. देवीचे वार ते. म्हणून सकाळी त्यांनी बायपासला यायचं ठरलं. त्यांना रिक्षा करावी लागते. रिक्षाचे पैसे कोणाचे? आम्ही ते गाडीच्या खर्चात धरतो, कारण त्यांच्या बाहेर येण्याने आमची तिघांची दहा मिनिटं वाचतात. पण संध्याकाळी उलट. संध्याकाळी आम्ही आत जातो आणि त्यांना घराजवळ सोडतो. हिवाळ्यात पावणेसातला बायपासवर काळोख असतो, एकट्या बाईला हायवेवर उतरवून निघून जायचं आणि वर "वेळ वाचला" म्हणायचं, हे मला पटलं नाही. संध्याकाळी कुणाला अंगठा लावायचा नाहीये. अण्णा पहिले काही दिवस घड्याळ बघायचे. आता तेच आत जाऊन पेढे घेतात.

सुट्टीचं काय, हा सगळ्यात भांडणाचा भाग. समजा धाकटा अचानक आला नाही. पहिल्या तुकड्याचा खर्च तिघांऐवजी दोघांवर पडतो. माणशी एकशेदोनचे एकशेत्रेपन्न होतात. गाडी तेवढंच पेट्रोल खाते, माणूस आला काय, न आला काय. एका महिन्यात धाकट्याने सहा दिवस असं केलं. आमचं ठरलंय ते असं: रविवारी रात्री आठवड्याचं सांगायचं. दौरा, मीटिंग, लग्न, काही असेल ते. सांगितलेल्या दिवसाचे पैसे नाहीत, तो बोजा बाकीचे उचलतात, कारण उद्या त्यांनाही सुट्टी लागणार आहे. सोमवारनंतर कळवलं तर पूर्ण पैसे. आजारी पडला तर? तर माफ. पण ते ज्याची गाडी आहे त्याने नाही, बाकीच्यांनी ठरवायचं. गाडीवाल्याने ठरवलं की तो सावकार वाटायला लागतो.

आठ महिन्यांनी माझे टायर गेले. आणि इथे माझी स्वतःची चूक. दिवसाला 144 किलोमीटर, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे तीन हजारांच्या वर. आठ महिन्यांत पंचवीस हजार किलोमीटर. ही गाडी आधी वर्षाला दहा हजार चालायची. मी फक्त पेट्रोल आणि टोल वाटत होतो. सर्व्हिसिंग दोनदा झालं, ते माझ्या खिशातून. टायरचे वीस हजार, माझ्या खिशातून. बायको म्हणाली, "तुम्ही टॅक्सी चालवता, फक्त भाडं घेत नाही."

मग पुन्हा वही. टायरचा सेट वीस हजारांचा, चाळीस हजार किलोमीटर चालतो धरला तर किलोमीटरला पन्नास पैसे. सर्व्हिसिंग सहा हजार, दर दहा हजाराला, म्हणजे साठ पैसे. पेट्रोल पाच त्र्याऐंशी. सगळं मिळून सात रुपयांच्या जवळपास. आम्ही सात रुपये किलोमीटर धरला. तुकड्यांनी वाटलं तर आमचे प्रत्येकी 160 एका बाजूला, मॅडमचे 40. गाडीची घसरती किंमत मी त्यात मुद्दाम धरली नाही, ती माझी.

आणि माझा स्वतःचा 160 चा हिस्सा मी भरतोच, हे महत्त्वाचं. एका बाजूचा खर्च 519, मला मिळतात 360. उरलेले माझे. ज्या दिवशी गाडीवाल्याचा हिस्सा शून्य झाला किंवा वर चार पैसे सुटायला लागले, त्या दिवशी ते शेअरिंग राहिलं नाही, ते भाडं झालं. आणि भाड्याचा प्रश्न विम्यात निघतो.

विम्याचं आम्हाला कसं कळलं ते सांगतो. टायर बदलत होते त्या आठवड्यात अण्णांची गाडी काढली. तामलवाडीच्या पुढे कुत्रं आडवं आलं, अण्णांनी जोरात ब्रेक मारला, धाकटा मागे बेल्ट न लावता बसला होता, त्याचं मनगट समोरच्या सीटवर आपटलं. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस पट्टा. त्या संध्याकाळी अण्णांच्या गाडीचे कागद काढले, तर जुनी गाडी म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा. अण्णांना वाटत होतं, थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून बाकी सगळे, त्यात गाडीत बसलेलेही आले.

तसं नाही. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर खाजगी कारमध्ये बसलेल्या माणसाची जोखीम विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बालकृष्णन यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल तर गाडीत बसलेला त्यात येत नाही, पॅकेज पॉलिसी असेल तर येतो. म्हणजे उद्या मोठं काही झालं असतं, तर धाकट्याच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली असती ती अण्णांकडे, त्यांच्या घरावर, फंडावर. दोघं रोज एका डब्यात जेवतात, आणि हा असा प्रसंग!

दुसरं, खाजगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीतही एक ओळ असते, वापराच्या मर्यादांची. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर पॉलिसी लागू नाही. म्हणून वही ठेवायची. तारीख, किलोमीटर, कोण बसलं, खर्च किती, गाडीवाल्याने स्वतः किती भरले. फोनवरून पैसे पाठवताना आमचा धाकटा गमतीने "टॅक्सी भाडं" असं लिहायचा. ते बंद केलं. ते भाडं नाहीच, तर तसं लिहायचं कशाला? आता "पेट्रोल हिस्सा, आठवडा अमुक" असं लिहितो.

अण्णांनी गाडीचं नूतनीकरण आलं तेव्हा पॅकेज घेतलं, वर बसणाऱ्यांसाठीचा अपघात विमाही जोडून घेतला. त्याचा हप्ता गाडीच्या मानाने फारच थोडा असतो. धाकट्यानेही आता गाडी घेतली आहे, हप्त्यावर. त्यामुळे तीन गाड्या, तीन आठवडे, पाळीपाळीने. ज्याचा आठवडा त्याची गाडी, आणि आम्हा तिघांत पैशांची देवाणघेवाण जवळपास संपली. फक्त मॅडमचे पैसे त्या आठवड्याच्या गाडीवाल्याला जातात. अण्णांची गाडी लिटरला तेराच देते, तरी दर सगळ्यांना सातच. अण्णा कुरकुरतात. आम्ही म्हणतो, इंजिनचं काम करून घ्या, वाढीव पेट्रोल आमच्यावर कशाला.

एक राहिलं. कोजागरी. सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. अख्खा रस्ता माणसांनी भरलेला असतो, आणि त्या दिवसांत गाड्या दुसरीकडून वळवतात. आम्ही वैरागमार्गे जातो. लांब पडतं, अर्धा तास आधी निघावं लागतं, आणि मॅडम त्या वाटेवर येतच नाहीत. त्या दोन दिवसांचा वेगळा हिशेब, तीन माणसं, जितके किलोमीटर भरतील तितके. यंदा तो आठवडा धाकट्याचा येतोय. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, साडेसातला आसऱ्याला गाडी पाहिजे, आणि टाकी आदल्या रात्री फुल्ल.